सरकारी कर्जउभारणी : मुदतीचे रोखे व कोषागार हुंड्या

सरकारचा वर्षभराचा खर्च कर व इतर बिनकर्जी जमेपेक्षा जास्त झाला, तर उरलेली तूट भरून काढण्यासाठी सरकार बाजारात कर्ज उभारते. भारतात केंद्र सरकारला हा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २९२ ने आणि राज्यांना अनुच्छेद २९३ ने मिळतो. या कर्जाची दोन मुख्य साधने आहेत. एक वर्षाहून अधिक, बहुधा अनेक वर्षांच्या मुदतीचे व्याज देणारे कर्जरोखे हे पहिले, आणि ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांच्या कोषागार हुंड्या, म्हणजेच बोलीभाषेतली ‘ट्रेझरी बिले’, हे दुसरे. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत ही दोन्ही साधने एकाच तक्त्यात येतात. पण त्यांचे आकडे एकाच रीतीने वाचले, तर विद्यार्थ्याची हमखास गफलत होते.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये आणि कर्ज वगळता जमा ३४.९६ लाख कोटी रुपये होती. या दोहोंतील फरक, म्हणजे १५.६९ लाख कोटी रुपये, ही राजकोषीय तूट होय. ती स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.४ टक्के धरली होती. त्याच अर्थसंकल्पात मुदतीच्या रोख्यांतून १४.८२ लाख कोटी रुपयांची ढोबळ आणि ११.५४ लाख कोटी रुपयांची निव्वळ उभारणी सांगितली आहे. फरकाचे सुमारे ३.२८ लाख कोटी रुपये प्रामुख्याने जुन्या रोख्यांच्या परतफेडीचे आहेत, म्हणजे नवे कर्ज काढून जुने फेडण्याचे. तूट भागवण्यास उपयोगी पडते ती केवळ निव्वळ रक्कम. ती १५.६९ मधून वजा केल्यावर उरणारे सुमारे ४.१५ लाख कोटी रुपये अल्पबचत योजनांतील ठेवींच्या बदल्यात काढलेले रोखे व इतर मार्गांतून यायचे होते. बाजाराला मात्र ढोबळ आकडाच पेलावा लागतो, कारण परतफेड झालेला पैसा पुन्हा रोख्यांतच गुंतवला जाईल याची हमी नसते. म्हणून रोखेबाजारातील मंडळी अर्थसंकल्पाच्या दिवशी तुटीइतकेच लक्ष या आकड्याकडे देतात.

मुदतीच्या रोख्याच्या नावातच त्याचा व्याजदर व परतफेडीचे वर्ष असते. ‘६.३३% जीएस २०३५’ हा रोखा १०० रुपयांच्या दर्शनी मूल्यावर दर सहामाहीस ३.१६५ रुपये देतो आणि २०३५ मध्ये मुद्दल परत करतो. हे रोखे सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक लिलावाने विकते. रोखा नवा असेल, तर बोली परताव्याच्या दराची लागते आणि व्याजदर लिलावातूनच ठरतो. जुनाच रोखा पुन्हा विक्रीस काढला, तर व्याजदर आधीच ठरलेला असल्याने बोली किमतीची लागते. समजा, वरील रोख्यास सुरुवातीच्या काळात बोलीदारांनी ९८ रुपयेच देऊ केले, तर त्यांना मुदतअखेरपर्यंत मिळणारा वार्षिक परतावा सुमारे ६.६ टक्के होतो. किंमत उतरली की परतावा चढतो, हे नाते पक्के ध्यानात ठेवावे. पुरेशा रास्त बोली आल्या नाहीत, तर न खपलेला भाग ‘प्रायमरी डीलर’ म्हणून नेमलेल्या संस्थांना हमीनुसार उचलावा लागतो किंवा रिझर्व्ह बँक बोली नाकारते. डीलरांच्या गळ्यात असे रोखे वारंवार पडू लागले, तर सरकार मागत असलेला दर बाजाराला मान्य नाही, असे समजावे.

कोषागार हुंडीवर व्याजाचा दर नसतो. ती सवलतीने विकली जाऊन दर्शनी मूल्याने फेडली जाते. उदाहरणादाखल, ९१ दिवसांची १०० रुपयांची हुंडी ९८.३६ रुपयांस विकली गेली असे धरू. खरेदीदाराचा नफा १.६४ रुपये. त्याला ९८.३६ ने भागून ३६५/९१ ने गुणले, की वार्षिक परतावा सुमारे ६.६९ टक्के येतो. अशा १०,००० कोटी रुपयांच्या हुंड्यांतून सरकारच्या हाती ९,८३६ कोटी येतात आणि उरलेले १६४ कोटी हे व्याजच असते. आता मुदत भरताच तेवढ्याच दर्शनी मूल्याच्या हुंड्या पुन्हा काढल्या आणि वर्षात चार वेळा असे घडले, तर ढोबळ विक्री सुमारे ४०,००० कोटींची दिसेल, पण अंगावरचे कर्ज १०,००० कोटींच्या पुढे जाणार नाही. हुंड्यांची ढोबळ जमा प्रचंड आणि निव्वळ रक्कम किरकोळ, प्रसंगी ऋण, दिसते ती यामुळे. हुंड्यांचे मुख्य काम तूट भरण्यापेक्षा वेळेची दरी बुजवण्याचे आहे. पगार व व्याज वर्षभर द्यावेच लागतात, पण आगाऊ कराचे हप्ते मात्र जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चमध्ये येतात.

भारतात कोषागार हुंड्यांची सुरुवात साधारणपणे १९१७ मधील, पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठीची मानली जाते. अभ्यासकांचे अधिक लक्ष मात्र ‘तदर्थ’ हुंड्यांनी वेधले आहे. जानेवारी १९५५ मधील समझोत्यानुसार सरकारची रिझर्व्ह बँकेतील शिल्लक शुक्रवारी ५० कोटी रुपयांखाली गेली, की बँकेच्या नावे हुंड्या आपोआप निर्माण होत आणि सरकारच्या खात्यात पैसा जमा होई. बाजार, बोली वा किंमत यांचा यात संबंधच नव्हता. १९७४ पासून या हुंड्यांचा दर ४.६ टक्क्यांवर गोठलेला होता. ही व्यवस्था तात्पुरत्या अडचणीपुरती होती की तुटीचा अर्थभरणा करण्याच्या धोरणाचाच ती भाग होती, यावर मतभेद आहेत. समझोत्यामागे प्रशासकीय सोय हाच हेतू होता आणि तिची सवय पुढे जडत गेली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण फेडीच्या दिवशी हुंडी फेडण्याऐवजी तिचे नूतनीकरण होत गेले आणि साठा वाढत राहिला. ९ सप्टेंबर १९९४ च्या कराराने तिला मर्यादा घालण्यात आली. १ एप्रिल १९९७ पासून ती बंद होऊन तिच्या जागी ‘अर्थोपाय अग्रिमे’, म्हणजे रिझर्व्ह बँकेने सरकारला ठराविक मर्यादेत व मुदतीसाठी दिलेली तात्पुरती उचल, आली. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेस लिलावात थेट सरकारी रोखे घेण्यास, काही अपवाद वगळता, मनाई झाली. बँक ते खुल्या बाजारात मात्र घेऊ शकते, आणि घेतेही.

राज्यांचे रोखेही रिझर्व्ह बँकच लिलावाने विकते. महाराष्ट्राचेही याच मार्गाने निघतात. ज्या राज्यावर केंद्राचे कर्ज शिल्लक आहे त्याला नवे कर्ज काढण्यास अनुच्छेद २९३(३) नुसार केंद्राची संमती लागते.

अर्थसंकल्प हाती घेतल्यावर ‘दृष्टिक्षेपात अर्थसंकल्प’ या पुस्तिकेतील तुटीच्या अर्थभरण्याचा तक्ता प्रथम पाहावा आणि मग ‘रिसीट बजेट’मधील कर्जाचे तपशील. जमा, परतफेड आणि निव्वळ असे आकडे तेथे वेगवेगळे दिलेले असतात. रोख्यांवरचे व्याज व हुंड्यांवरची सवलत मात्र खर्चाच्या बाजूला, महसुली खर्चात व्याज म्हणून सापडते. २०२५-२६ च्या अंदाजात एकूण व्याज १२.७६ लाख कोटी रुपये होते. ते राजकोषीय तुटीतून वजा केले, की प्राथमिक तूट सुमारे २.९३ लाख कोटी रुपये उरते, म्हणजेच त्या वर्षीच्या तुटीचे चार-पंचमांशाहून अधिक मूल्य पूर्वी काढलेल्या कर्जाच्या व्याजाएवढे आहे.