नऊनंतर दहा : सर्व्हे नंबरांच्या यादीमागची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कोणत्याही सोसायटीत सभासदांची यादी सर्व्हे नंबरानुसार लावायला सांगितली, तर संगणक पहिल्यांदा ती चुकीचीच लावतो. `10` आधी, मग `100`, मग `12/3`, आणि `9/1` पार तळाला. हे असे का होते आणि ते सुधारताना नंबराचे मूळ रूप का बिघडते, याचा उलगडा नंबराच्या जुन्या लिखाणापासून करावा लागतो.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे मोजणीची आणि पोटहिस्स्यांची पद्धत तिकडचीच. रि.स.नं. `12/3अ` म्हणजे बारा नंबराच्या जमिनीचा तिसरा हिस्सा आणि त्याचीही वाटणी झाल्यावर पडलेला ‘अ’ तुकडा. भाऊ वेगळे झाले की तिरकी रेघ लांबत गेली. कागदावर यामुळे कधी अडले नाही. रजिस्टर लिहिणारा माणूस नऊचे पान झाल्यावर दहाचे पान उघडत असे, कारण तो नंबर वाचत होता.

संगणक नंबर वाचत नाही, एकेक अक्षर ताडून पाहतो. मजकूर म्हणून साठवलेल्या `10` आणि `9` यांत तो फक्त पहिले चिन्ह बघतो. `1` चा सांकेतिक आकडा ४९, `9` चा ५७, म्हणून `10` वर. दुसऱ्या चिन्हापर्यंत जायची वेळच येत नाही. तिरक्या रेघेचा आकडा ४७, म्हणजे शून्याच्याही आधी, म्हणून `10/1` हा `100` च्या वर बसतो. आणि सर्व्हे नंबर मजकूर म्हणून साठवण्यावाचून इलाज नाही, कारण ‘12/3अ’ ही संख्याच नव्हे.

इथे ‘नंबर’ या शब्दानेच मोठा घोळ घातला आहे. आपण नंबर म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. ऊस किती टन गेला ही संख्या. तिची बेरीज होते, तिच्या डावीकडच्या शून्याला अर्थ नसतो. सर्व्हे नंबर ही ओळख. त्याची बेरीज कुणी करत नाही आणि तो उताऱ्यावर जसा आहे तसाच लिहावा लागतो. मात्र या ओळखीच्या पोटात मोजणीचा क्रम दडलेला असतो. यादी लावताना तो संख्या म्हणून हवा, छापताना ओळख म्हणून. एकाच रकान्याकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेले की काहीतरी मोडते.

फॉक्सप्रोच्या दिवसांत, नव्वदच्या दशकात, याचे उत्तर फार नेटके होते. मी तेव्हा एका गावच्या सोसायटीची खतावणी संगणकावर चढवत होतो. नंबर आणि हिस्सा असे दोन रकाने आणि खाली एकच ओळ:

```
INDEX ON STR(VAL(SNO),6)+STR(VAL(HISSA),4)+HISSA TAG kram
```

`VAL` मजकुरातला सुरुवातीचा आकडा उचलतो. `2अ` मधून त्याला २ मिळतात. `STR` तो आकडा ठरावीक रुंदीत उजवीकडे सरकवून डावीकडे मोकळी जागा सोडतो. मोकळ्या जागेचा सांकेतिक आकडा ३२, सगळ्या अंकांच्या आधी, म्हणून नऊ आपोआप दहाच्या वर जातो. शेवटी जोडलेला मूळ हिस्सा `2अ` आणि `2ब` यांच्यात निवाडा करतो. `9/1`, `9/10`, `9/2अ`, `10`, `12/3`, `100` ही सहा शेते दिली, की `9/1`, `9/2अ`, `9/10`, `10`, `12/3`, `100` अशी बाहेर येत. यातला सर्वात मोलाचा भाग असा, की क्रमासाठी तयार केलेली ही किल्ली फक्त इंडेक्समध्ये राहते. मूळ रकान्याला हातच लागत नाही, म्हणून मूळ रूप परत आणण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

पुढे सगळे एक्सेलवर गेले आणि आमच्या भागात एक निर्णय झाला, ज्यावर आजही दोन मते आहेत. मूळ रकान्यातच डावीकडे शून्ये भरायची: `9/2अ` चे `009/02अ`. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. अशी यादी कोणत्याही प्रोग्राममध्ये न्या, क्रम बरोबरच लागतो आणि नवख्या कारकुनाला काही शिकवावे लागत नाही. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागली. कर्जाच्या कागदावर `009/02अ` छापले गेले आणि उताऱ्यावर `9/2अ` होते. दोन्ही एकच, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागले. मोठ्या गावात `1012` आला तेव्हा तीन अंकी जागा अपुरी पडली आणि तो `101` नंतर, `102` च्या आधी जाऊन बसला. आणि शून्ये काढायची ठरली तेव्हा एकाने ‘शोधा आणि बदला’ वापरून `0` च्या जागी काहीच नाही असे घातले. `100` चा `1` झाला, `010` चाही `1` झाला. त्यानंतर कोणता एक खरा, हे यादीवरून सांगणे अशक्य होते. रजिस्टरे काढावी लागली. माझ्या मते शून्ये किल्लीत असावीत, नंबरात कधीच नसावीत.

एक्सेलमध्ये शेजारी एक रिकामा रकाना घेऊन ती किल्ली अशी तयार होते:

```
=TEXT(LEFT(A2,FIND("/",A2&"/")-1),"00000")
```

रेघेपूर्वीचा आकडा यातून पाच अंकी होऊन मिळतो. हिस्स्याचा आकडा वेगळ्या रकान्यात संख्या म्हणून घालायचा आणि हिस्सा नसेल तिथे शून्य. मग सगळा तक्ता निवडून आधी किल्लीवर, मग हिस्स्यावर, शेवटी मूळ नंबरावर क्रम लावायचा. क्रम लावताना एक्सेल कधी कधी विचारतो, `Sort anything that looks like a number, as a number` की नाही. साध्या `9` आणि `10` ला तो पर्याय पुरतो, `12/3अ` ला नाही. काम झाले की किल्लीचा रकाना लपवायचा. `A` मधला नंबर जसाच्या तसा असतो.

खरा धोका याच्याही आधी, नंबर टाइप करतानाच असतो. रकाना आधी मजकूर म्हणून ठरवला नसेल तर `12/3` टाइप करताच त्याचे `12-Mar` होते. नंतर रकाना मजकूर केला तरी मूळ नंबर परतत नाही; २०२४ साली टाइप केलेला `45363` असा दिसतो, कारण साठवलेली तारीखच असते. रकाना मजकूर करण्याआधी ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर पेशीत डावीकडे टेकतो, तारीख उजवीकडे. क्रम लावल्यावर अशी शेते किल्लीत `45363` घेऊन यादीच्या तळाला गोळा होतात, म्हणून आधी शेवटच्या ओळी पाहाव्यात.

कर्नाटक राज्याने उतारे संगणकावर आणले तेव्हा सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांचे रकाने वेगळे ठेवले, हे इथल्या कामाला फार सोयीचे पडले. आमच्या यादीत एक अडचण मात्र उरते. जुन्या मराठी रजिस्टरांवरून चढवलेला नऊ देवनागरी असतो आणि कन्नड उताऱ्यावरून घेतलेला रोमन. `९` आणि `9` ही संगणकाला दोन वेगळी चिन्हे आहेत आणि नुसत्या सांकेतिक आकड्यांवर क्रम लावला तर सगळे देवनागरी नंबर सगळ्या रोमन नंबरांनंतर येतात. म्हणून किल्ली तयार करतानाच देवनागरी अंकांचे रोमन करून घ्यायचे, रकान्यातला `९` मात्र रजिस्टरात होता तसाच सोडायचा.