दुधाचा फेस धरून कोण ठेवतं?

फेस चांगला हवा तर जास्त स्निग्ध दूध घ्या, असा सल्ला कॉफीवर दुधाची नक्षी काढायला शिकणाऱ्या नव्या बरिस्ताला हमखास मिळतो. प्रत्यक्षात फेस धरतात ती दुधातली प्रथिनं. स्निग्धांशामुळे चव येते, मऊपणा येतो. फेस उभा राहायला मात्र त्याची थोडी आडकाठीच होते. स्निग्धांश काढलेल्या दुधाला भरपूर फेस येतो तो यामुळेच.

प्रथिनाच्या रेणूचा काही भाग पाण्याशी जमवून घेतो, काही भाग पाणी टाळतो. दुधात हवेचा बुडबुडा शिरला की हे रेणू त्याच्या कडेला जमतात, थोडे उलगडतात आणि एकमेकांना धरून पातळ पापुद्रा विणतात. बुडबुडा जितका लहान तितका तो टिकतो. डोळ्याला सुटे दिसणार नाहीत इतके बारीक बुडबुडे झाले की दूध ओल्या रंगासारखं चकाकतं.

म्हणून हवा सुरुवातीलाच, दूध थंड असताना भरायची. कॉफी यंत्राच्या वाफेच्या नळीत साठलेलं पाणी आधी वाफेसोबत बाहेर सोडा. मग नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली धरा. कागद फाटल्यासारखा आवाज तीन ते पाच सेकंद यायला हवा. दुधाचा जग हाताला कोमट लागायच्या आत टोक सेंटीमीटरभर खाली न्या आणि जरा एका बाजूला धरा. दुधात भोवरा फिरू लागतो आणि मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. साधारण ६० अंशांना वाफ बंद. ७० च्या पुढे प्रथिनांच्या गुठळ्या होऊ लागतात, दुधाला उकळल्याचा वास येतो. उरलेलं दूध पुन्हा वाफवलं तर फेस नीट धरत नाही.

ओततानाचा नेहमीचा घोटाळा असा: कॉफीवर पांढरं काही उमटतच नाही. बारीक धार उंचावरून पडली की वेगामुळे क्रेमाखाली, म्हणजे कॉफीवरच्या तपकिरी फेसाखाली बुडते, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. कप निम्म्याहून थोडा जास्त भरला की जगाची चोच पृष्ठभागाला जवळजवळ टेकवा आणि धार मोठी करा. आता फेस तरंगतो, पांढरा गोल पसरतो. शेवटी जग उचलून बारीक धारेने गोल मधोमध कापला की बदाम तयार. गोलाऐवजी एकदम गोळा पडला तर हवा जास्त झाली, नाहीतर दूध थांबून राहिलं आणि फेस वर वेगळा झाला. वाफ बंद करताच जग गोल फिरवत राहा आणि लगेच ओता. ‘लॅटे आर्टचा खास’ म्हणून विकला जाणारा महागडा जग यातली एकही चूक सुधारत नाही.

सरावाला रोज वीस मिनिटं पुरतात. आधी पाच वेळा थंड पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाकून वाफवा. साबणाचे रेणूही प्रथिनांसारखेच दोन स्वभावांचे, त्यामुळे आवाज आणि भोवरा दोन्ही जमू लागतात. जग आणि नळी स्वच्छ धुऊन मग दोनच जग दूध वाफवा आणि फक्त बदाम काढा. सलग पाच बदाम मधोमध येईपर्यंत पानाच्या नक्षीला हात लावू नका.