हिप्पोकॅम्पसमधला वण: फिट येणाऱ्या व्यक्तीच्या एमआरआयमध्ये काय दिसते?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘डाव्या बाजूचे मेसिअल टेम्पोरल स्क्लेरोसिस’ असे शब्द आले की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो गाठीचा. म्हणून तेच आधी स्पष्ट करतो. ही गाठ नव्हे, कर्करोग नव्हे आणि घरातल्या इतरांना होणारा संसर्गही नव्हे. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग दोन्हीकडे असतो आणि नव्या आठवणी पक्क्या करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्यातल्या चेतापेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होऊन त्यांच्या जागी आधारपेशींचे कडक जाळे तयार होते, यालाच मेसिअल टेम्पोरल स्क्लेरोसिस म्हणतात; आपण त्याला वण म्हणू. उरलेल्या चेतापेशींची जोडणी बदलते आणि तिथूनच फिट सुरू होऊ शकते.

एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. २४ वर्षांच्या एका मुलीला दीड वर्षाची असताना तापात ४० मिनिटे आकडी आली होती. पुढे बरीच वर्षे काही झाले नाही. तेराव्या वर्षापासून मात्र पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटायचे, मग ती एकटक पाहत राहायची, ओठ चाटायची, हाताने ओढणी चाचपायची आणि दीड-दोन मिनिटांनी भानावर यायची. तापातली अशी लांबलेली आकडी हिप्पोकॅम्पसला इजा करू शकते, पण तापात आकडी येणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे असे काही होत नाही, हे आईवडिलांनी लक्षात ठेवावे. त्या रात्री आपण काय चुकलो, असे स्वतःला विचारत बसण्याचे कारण नाही.

या मुलीचा पहिला एमआरआय ‘नॉर्मल’ आला होता. त्यात कुणी हलगर्जी केली असे गृहीत धरू नये. हिप्पोकॅम्पस लहान असतो आणि नेहमीच्या तपासणीतल्या जाड, आडव्या छेदांत त्याचे नेमके रूप हरवते. अपस्मारासाठी केलेल्या तपासणीत हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात, सुमारे २ मिलिमीटर जाडीचे छेद घेतात आणि शक्यतो ३ टेस्लाचे, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचे यंत्र वापरतात. तशा तपासणीत तिचा डावा हिप्पोकॅम्पस उजव्यापेक्षा आक्रसलेला दिसला, फ्लेअर या एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत तो अधिक पांढरा होता आणि त्याच्या आतल्या थरांच्या रेघा पुसट झाल्या होत्या. हे तिन्ही बदल एकत्र असले तर निदान भक्कम होते. नुसता पांढरेपणा असेल तर सावध राहावे लागते, कारण मोठी किंवा लांबलेली फिट नुकतीच येऊन गेली असेल तर हिप्पोकॅम्पस काही काळ सुजून तसाच दिसतो, आणि काही आठवड्यांनी एमआरआय पुन्हा करून पाहावा लागतो. (घरी फिल्म पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: रुग्णाची डावी बाजू फिल्मवर सहसा आपल्या उजव्या हाताला असते.)

रिपोर्टमध्ये आणखी दोन ओळी होत्या. हिप्पोकॅम्पसजवळ पाण्याची एक बारीक पुटी होती, जी अनेक निरोगी लोकांतही आढळते आणि तिचा फिटशी संबंध नव्हता. दुसरी ओळ उजव्या पॅरायटल लोबमधल्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातल्या, कॅल्शियम साचलेल्या ठिपक्याची होती. आपल्याकडे असा ठिपका बहुधा फीतकृमीच्या अळीच्या, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या जुन्या खुणेचा असतो. तो निरुपद्रवी असू शकतो, पण काही रुग्णांत फिटचे मूळही तोच असतो, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

मग खरे मूळ कोणते? ते एकटा एमआरआय सांगू शकत नाही. या मुलीच्या फिटचे वर्णन टेम्पोरल लोबशी जुळत होते, आणि व्हिडिओ-ईईजीत, म्हणजे चित्रणासोबत मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या तपासणीत, नोंदल्या गेलेल्या तिच्या तिन्ही फिट डाव्या टेम्पोरल लोबमधूनच सुरू झाल्या. म्हणून वण हेच मूळ ठरले आणि ठिपका बाजूला ठेवता आला. फिट उजवीकडून सुरू झाल्या असत्या, तर हाच एमआरआय वेगळ्या रीतीने वाचावा लागला असता. घरच्यांनी मोबाइलवर घेतलेले फिटचे चित्रण इथे फार मोलाचे ठरते.

योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर त्या औषधांना दाद न देणाऱ्या समजतात, आणि हिप्पोकॅम्पसच्या वणात असे वारंवार घडते. अशा वेळी वण असलेला भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार उशिरा करू नये, असे मला ठामपणे वाटते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, टेम्पोरल लोब अपस्माराच्या ८० रुग्णांवरील कॅनडातील चाचणीत एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के लोक भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, तर केवळ औषधांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. मात्र डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर नावे आणि शब्द आठवण्याची क्षमता कमी होऊ शकते. डावा हिप्पोकॅम्पस आधीच निकामी झाला असेल तर गमावण्यासारखे थोडेच उरते, पण तो अजून बरेच काम करत असेल तर नुकसान मोठे होते. म्हणून या मुलीची स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी आधी ठेवली गेली आणि शस्त्रक्रियेचा निर्णय त्या चाचणीच्या निकालापर्यंत थांबवला गेला.