उसन्या आवाजाची रीच

इन्स्टाग्रामवर रील बघताना ऑडिओच्या नावाशेजारी कधीकधी वर जाणारा छोटा बाण दिसतो. हा आवाज सध्या चढतो आहे, एवढंच तो बाण सांगतो. तो दिसला की रील करणाऱ्याचे हात शिवशिवतात, आणि त्या आवाजावर काही टाकलं की अनेकदा व्ह्यूही नेहमीपेक्षा जास्त येतात. पण आलेली माणसं आपल्याकडे आली की गाण्याकडे? याचं उत्तर शोधायचं तर या ॲपमध्ये आवाजाला एवढं महत्त्व कुठून मिळालं, तिथून सुरुवात करावी लागते.

आज आपण जे करतो त्याची घडी 2014 मध्ये सुरू झालेल्या म्युझिकली या ॲपने बसवली. तिथे आधी गाणं निवडायचं, मग त्यावर ओठ हलवत पंधरा सेकंदांचं चित्रण करायचं. प्रत्येक आवाजाचं स्वतंत्र पान असे आणि त्यावर केलेले सगळ्यांचे व्हिडिओ तिथे एकत्र दिसत. गाणं आवडलेला माणूस त्या पानावर येऊन एकामागून एक व्हिडिओ बघत बसे, म्हणजे ते पान अनोळखी प्रेक्षकापर्यंत जाण्याचं खरोखरचं दार होतं. ‘ट्रेंडिंग आवाज घे, रीच वाढेल’, म्हणजे व्हिडिओ जास्त माणसांपर्यंत पोहोचेल, हा सल्ला मला वाटतं त्याच काळाचा वारसा आहे. दाराची जागा बदलली, सल्ला मात्र तसाच राहिला.

2017 च्या नोव्हेंबरमध्ये बाइटडान्स या चिनी कंपनीने म्युझिकली विकत घेतलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये ते टिकटॉकमध्ये विलीन केलं. इथे प्रेक्षकाने पान शोधत जाण्याची गरज उरली नाही. ॲपच त्याच्यापुढे एकेक व्हिडिओ ठेवू लागलं. ही निवड कशी होते याचं स्पष्टीकरण टिकटॉकने जून 2020 मध्ये दिलं. आवाज, कॅप्शन आणि हॅशटॅग यांचा विचार होतो, पण मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला जाणं ही जास्त वजनाची खूण, असं त्यात होतं. आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं: आधीचे व्हिडिओ किती चालले, याचा थेट विचार होत नाही. म्हणजे आज एखादा व्हिडिओ आवाजाच्या जोरावर चालला, तरी उद्याच्या व्हिडिओला ते पुण्य आपोआप लागू होत नाही. त्याला पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं.

त्याच जून महिन्याच्या 29 तारखेला भारतात टिकटॉकवर बंदी आली. गावोगावच्या मुलामुलींनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. काही दिवसांतच, जुलैमध्ये, इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स इथेच आधी चाचणीला आलं. फॉलोअर काही सोबत आले नाहीत, पण आवाज उचलायची सवय आली.

या सगळ्या पार्श्वभूमीत मला सर्वात बोलकी वाटते ती जून 2021 ची नोंद. रील कोणाला दाखवायची हे ठरवताना काय पाहिलं जातं, ते इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी तेव्हा लिहून सांगितलं. रील पूर्ण पाहिली जाईल का, लाइक मिळेल का, ती मजेशीर वाटेल का, आणि बघणारा ऑडिओच्या पानावर जाईल का. शेवटचा मुद्दा अशासाठी, की ऑडिओच्या पानावर जाणाऱ्याला स्वतः रील करायची इच्छा झाली असण्याची शक्यता असते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बघणारा तुमची रील सोडून गाण्याकडे गेला, तरी ॲपच्या हिशेबात ती रील यशस्वी ठरते आणि पुढे आणखी लोकांना दाखवली जाऊ शकते. आकडा तुमच्या नावावर चढतो, माणूस मात्र गाण्याच्या पानावर पोहोचलेला असतो. जानेवारी 2025 मध्ये मोसेरी यांनी सर्वात महत्त्वाच्या म्हणून तीन गोष्टी सांगितल्या: पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं. त्या तिघांत आवाज नाही.

मग आवाजाचा टिकाऊ फायदा कोणाला? ज्याचा आवाज आहे त्याला. ऑगस्ट 2020 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखाटेने मालिकेतल्या कोकिलाबेनच्या संवादाला चाल लावली. त्यावर असंख्य लोकांनी व्हिडिओ केले, पण नाव त्याचं झालं. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये रील्सवर सगळीकडे वाजलं आणि 2025 मध्ये त्याचं ‘शेकी’ आलं, तेव्हा ऐकणारे आधीपासून त्याला ओळखत होते. उसना आवाज परतही घेतला जातो. जानेवारी 2024 च्या अखेरीस युनिव्हर्सल म्युझिक आणि टिकटॉक यांचा करार संपला आणि त्या कंपनीची गाणी असलेले व्हिडिओ मुके झाले. मे महिन्यात नवा करार होईपर्यंत ते तसेच राहिले.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, सांगलीची एक ताई घरगुती मसाल्यांच्या रील्स करते. तिच्या मागच्या दहा रील्स रीचप्रमाणे ओळीने लावल्या तर मधला आकडा दोन हजार येतो. त्यात नऊशे जण फॉलोअर नसलेले, आणि एका रीलमागे साधारण सहा नवे फॉलोअर. दहांची सरासरी घ्यायची नाही, कारण एखादी चाललेली रील सगळी सरासरी फुगवते. मग ती ट्रेंडिंग गाण्यावर मिरच्या कुटतानाची रील टाकते. रीच साठ हजार, त्यात सत्तावन्न हजार अनोळखी, नवे फॉलोअर चाळीस. चाळीस म्हणजे सहापेक्षा बरेच, असं वाटेल. पण दर हजार अनोळखी माणसांमागे पाहिलं, तर आधी जवळजवळ सात जण थांबत होते आणि आता एकही पुरता थांबत नाही. पुढच्या पाच रील्स तिने स्वतःच्या आवाजात केल्या आणि त्यांचा मधला आकडा पुन्हा दोन हजारांच्याच आसपास आला. ही उसनवारी.

दुसरा आवाज तेवढा मोठा नव्हता. रीच नऊ हजार, त्यात सात हजार अनोळखी, फॉलोअर पंचेचाळीस. हजारामागे सहाच्या वर. नंतरच्या पाच रील्सचा मधला आकडा सव्वीसशे आणि अनोळखींचा वाटाही थोडा वाढलेला. ही रीच वाढली म्हणायला हरकत नाही, कारण गाणं नसतानाही ती टिकली. मात्र पाचच रील्सवर पक्कं मत बनवू नये. दोनतीनदा असंच झालं, तर विश्वास ठेवावा.

यात एक फसगत नेहमी होते. ट्रेंडिंग आवाजाला आपण आपलं सर्वात चांगलं चित्रण देतो, वेळ बघून टाकतो, लांबीही कमी ठेवतो. मग श्रेय आवाजाचं की या बाकीच्या गोष्टींचं, ते कळत नाही. म्हणून तुलनेसाठी एकाच विषयाच्या, जवळपास सारख्या लांबीच्या दोन रील्स एकाच आठवड्यात टाकाव्या: एक आवाजावर, एक स्वतःच्या बोलण्यावर. ट्रायल रील्सची सोय ज्यांना मिळते, त्यांना हे आणखी सोपं जातं, कारण त्या आधी फक्त फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवल्या जातात. चित्रण मात्र अगदी तेच दोनदा वापरू नये.

कित्येक जण स्वतः बोलतात आणि ट्रेंडिंग गाण्याचा आवाज जवळजवळ शून्यावर ठेवतात. युक्ती म्हणून नव्हे, चाचणी म्हणून मला ती आवडते. अशा रीलवर नाव गाण्याचं असतं, पण ऐकू येता ते तुम्ही. त्या रील्स आणि गाण्याचं नावही नसलेल्या रील्स यांच्यात फरक पडत नसेल, तर नुसत्या नावाने तुम्हाला काही मिळत नाही. गाणं मोठ्याने वाजलं तेव्हाच आकडा चढत असेल, तर लोक गाणं ऐकायला थांबले होते. तेव्हा त्या रीलचे फॉलोअर हजारामागे किती, हे इनसाइट्स या ॲपमधल्या आकडेवारीच्या पानावर जाऊन त्याच दिवशी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी लिहून ठेवावं.