हुतात्मास्मरण आणि सामूहिक स्मृती

धर्मासाठी मरण पत्करलेल्या व्यक्तीचे ठरावीक दिवशी व ठरावीक ठिकाणी पिढ्यानपिढ्या केले जाणारे स्मरण म्हणजे हुतात्मास्मरण. स्मृति-अभ्यासात त्याकडे सामूहिक स्मृतीचा एक प्रकार म्हणून पाहिले जाते. माणूस एकट्याने आठवत नाही, तो ज्या गटात वावरतो त्या गटाच्या चौकटीत आठवतो, असे प्रतिपादन फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस आल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये केले. ख्रिस्तचरित्राशी जोडलेली पॅलेस्टाइनमधील स्थळे नंतरच्या श्रद्धावंतांच्या गरजेनुसार कशी निश्चित होत गेली, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखवले. हुतात्म्यांच्या बाबतीत याचा सर्वांत जुना तपासण्याजोगा दाखला स्मर्नाचा (आजचे इझमीर) बिशप पॉलिकार्प याचा आहे.

पॉलिकार्पच्या वधाची हकिकत स्मर्नाच्या ख्रिस्ती मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला लिहिलेल्या ग्रीक पत्रातून कळते. मृतदेह मंडळीच्या हाती लागला तर हे लोक त्याचीच पूजा करू लागतील, या भीतीने तो देऊ नये असा आग्रह विरोधकांनी धरला आणि शताधिपतीने तो जाळला, असे पत्र सांगते. पुढे मंडळीने रत्नांहून मोलाच्या अशा त्या अस्थी गोळा करून योग्य ठिकाणी ठेवल्या. तेथे जमून त्याच्या हौतात्म्याचा ‘जन्मदिवस’ आम्ही साजरा करू, आणि तो होऊन गेलेल्यांच्या स्मरणासाठी तसेच पुढे येणाऱ्यांच्या तयारीसाठी असेल, असे मंडळी लिहिते. हे ‘योग्य ठिकाण’ कोणते, हे मात्र पत्रात नाही.

हेच पत्र स्मृतीतील निवडही उघड करते. फिलाडेल्फियाच्या हुतात्म्यांसह मोजल्यास पॉलिकार्प स्मर्नातील बारावा, पण सगळ्यांच्या आठवणीत राहिला तो एकटाच, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. इतरांपैकी फक्त जर्मॅनिकसचे नाव पत्राने जपले.

पत्राच्या शेवटच्या भागात मृत्यूचा काळ आश्चर्यकारक बारकाईने दिला आहे : मॅसेडोनियन दिनदर्शिकेतील क्सांथिकस महिन्याचा दुसरा दिवस, रोमन पद्धतीने १ मार्च धरून मागे मोजल्यास सातवा दिवस, म्हणजे २३ फेब्रुवारी, ‘महाशब्बाथ’, आठवा तास, प्रांताधिपती स्टेटियस क्वाड्रेटस. वर्षाचा आकडा तेवढा नाही. चौथ्या शतकातील इतिहासकार युसीबियस याने ही घटना सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकीर्दीत, सुमारे १६७ मध्ये, घातली. वक्ता आरिस्टाइडीजच्या लेखनाआधारे क्वाड्रेटसचा कार्यकाळ ठरवून फ्रेंच अभ्यासक वॅडिंग्टन यांनी १८६७ मध्ये १५५ हे वर्ष पुढे आणले. त्या वर्षी २३ फेब्रुवारीला शनिवार, म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, येतो, ही बाब त्यांच्या मताला बळ देते. पण १५६ मध्येही २२ तारखेला शनिवार येतो आणि ते लीप वर्ष असल्याने रोमन मोजणीत एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय ‘महाशब्बाथ’ म्हणजे साधा शनिवार की सणाचा दिवस, हेच निश्चित नाही. कालनिर्देशाचा हा भाग मूळ पत्रात नंतर जोडला गेला असावा, असेही काही अभ्यासक मानतात, आणि काहींच्या मते संपूर्ण पत्रच तिसऱ्या शतकातील असावे. एकंदरीत १५५ किंवा १५६ हा काळ अधिक ग्राह्य वाटतो.

वर्ष हरवले आणि दिवस टिकला, यामागे विधीची गरज दिसते. दरवर्षी जमण्यासाठी मंडळीला तारीख आणि जागा माहीत असणे पुरेसे असते. किती वर्षे लोटली हे मोजण्याची तिला गरज पडत नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने सुमारे २५० मध्ये तुरुंगात मरण पावणाऱ्यांचे मृत्युदिन टिपून ठेवायला सांगितले, तेही वार्षिक स्मरणासाठीच. ३५४ च्या संकलनात आलेली रोमची हुतात्मा-सूची अशाच नोंदींची आहे : दिवस, नाव, दफनभूमी. वर्षाचा उल्लेख मोजक्याच ठिकाणी येतो. पीटर व पॉल यांच्यासमोर २५८ चे कॉन्सल, म्हणजे ज्यांच्या नावाने रोममध्ये वर्ष ओळखले जाई ते अधिकारी, दिलेले आहेत. हे वर्ष त्यांच्या मृत्यूचे निश्चितच नाही. त्या वेळी सुरू झालेल्या किंवा हलवलेल्या स्मरणविधीचे ते असावे, असा तर्क केला जातो. म्हणजे येथे स्मरणाचीच तारीख जपली गेली.

जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी जिवंत साक्षीदारांवर अवलंबून असलेली, साधारण ८० ते १०० वर्षे टिकणारी स्मृती आणि विधी, ग्रंथ व स्थळे यांतून चालणारी स्मृती असा भेद केला. पत्राचा पारंपरिक काळ मान्य केला, तर स्मर्नाच्या मंडळीने पाहणारे हयात असतानाच दुसऱ्या प्रकारची स्मृती उभारायला घेतली असे म्हणावे लागते. तिसरे शतक मानल्यास हा निष्कर्ष टिकत नाही. तारीखही सर्वत्र एकसारखी राहिली नाही. रोमच्या दिनदर्शिकेत पॉलिकार्पचा सण २६ जानेवारीला होता, तो १९६९ च्या सुधारणेत २३ फेब्रुवारीला आणला गेला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत तो २३ फेब्रुवारीलाच पाळला जातो.