काकूंचा डबा आणि चहाची वेळ

बचत गटाच्या बैठकीत पोषणाच्या स्लाइड दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पहिलीच स्लाइड रंगीत वर्तुळाची होती: कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ. पुढच्या रांगेतली एक काकू म्हणाली, "बाई, हे पापडावानी काय हाय?" मी ती स्लाइड तशीच ठेवली आणि काकूंना विचारलं, काल दिवसभरात काय काय खाल्लं?

कापूस वेचणीचे दिवस. सकाळी चहा आणि रात्रीची भाकर, दाण्याचा ठेचा लावून. दुपारी वावरात दोन भाकरी, आंबाडीची भाजी, आणि वेचणाऱ्या सगळ्या जणींसोबत लगेच चहा. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री एक भाकर, भात आणि तुरीचं वरण.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. चार भाकरींना ज्वारीचं पीठ साधारण 300 ग्रॅम, म्हणजे 1000 कॅलरी. तांदूळ 80 ग्रॅम, 280. डाळ 50 ग्रॅम, 170. दिवसभरातलं तेल सहा चमचे, 270. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, पिठातल्या कर्बोदकांच्या किंवा प्रथिनांच्या ग्रॅमात 4, म्हणून एवढंसं तेल डाळीच्याही पुढं गेलं. दाणे, भाजी आणि तीन कप गोड चहा धरून बेरीज 2100 च्या आसपास आली. 55 किलोच्या, मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला 2130 लागतात असं आपली राष्ट्रीय शिफारस सांगते. काकू त्याहून हलक्या आहेत, पण वेचणीचे कष्टही मोठे. म्हणून इथं माझ्या बेरजेपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवलेला बरा. त्यांचं वजन दोन-तीन वर्षांत हललेलं नाही, म्हणजे जेवढं पोटात जातं तेवढं खर्च होतं. ऊर्जेचा समतोल म्हणतात तो एवढाच.

प्रथिनं मोजली तर पन्नासच्या वर ग्रॅम भरली. त्यातही वरण-भाकरीची जोडी छान आहे. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते तुरीच्या डाळीत भरपूर असतं.

मग काकूंना दम का लागतो? आशाताईंनी बोटाला टोचून पाहिलं होतं: हिमोग्लोबिन 9.4. बाई गरोदर नसेल तर ते 12 च्या खाली जायला नको. आणि विचारल्यावर काकू जरा लाजत बोलल्या, "तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकावेसे वाटतात." कच्चे तांदूळ, माती, खडू खाण्याची अशी ओढ हे लोहाच्या कमतरतेत नेहमी दिसणारं लक्षण आहे.

डब्यातलं लोह मोजलं. ज्वारीतून 12 मिलिग्रॅम, बाकी सगळं धरून 17. लागतं 29. पण खरी गोम याच्याही पुढं आहे. धान्य-डाळीतलं लोह ज्वारीतल्या फायटेटला चिकटून बसतं, आतड्याला त्यातलं जेमतेम आठ टक्के मिळतं. सतरातून हाती आलं 1.4 मिलिग्रॅम. पाळी सुरू असलेल्या बाईला रोज 2.3 च्या आसपास शरीरात जायला हवं. त्यात दुपारच्या भाकरीवर लगेच चहा! चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात, आणि त्या जेवणातलं शोषण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतं. पोट भरलेलं, ताकद असलेली बाई लोहाच्या बाबतीत मात्र उपाशी.

लिंबाचं उलटं आहे. 'क' जीवनसत्त्व लोहाला आतड्यात विरघळलेलं ठेवतं. आंबाडी खूप शिजवली की तिच्यातलं हे जीवनसत्त्व बरंचसं जातं, म्हणून लिंबाची फोड कच्चीच पिळायची, भाजी ताटात आल्यावर.

"मंग चा सोडू?" काकूंच्या आवाजात खरीच काळजी होती. सोडायचा नाही, जेवणापासून तासभर लांब न्यायचा. वावरात सगळ्या जणी एकदम पितात, त्यामुळं एकटीनं बदलणं अवघडच आहे हे मलाही कळतं.

मात्र हिमोग्लोबिन 9.4 वर आल्यावर लिंबानं भागत नाही. रिकामं कोठार भरायला लोहाच्या गोळ्याच लागतात, कित्येक महिने, आणि त्याही चहासोबत नाहीत. गोळ्यांनी शौचाला काळं होतं. ते पाहून घाबरून बायका गोळ्या टाकून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते, ती म्हणजे सिकलसेल, घराण्यातून चालत येणारा रक्ताचा आजार. त्यातही रक्त कमीच दिसतं, पण तिथं लाल पेशी लवकर फुटतात. लोह कमी आहे की नाही हे न तपासता गोळ्यांचा मारा केला तर जास्तीचं लोह अंगात साठू शकतं. काकूंच्या भाच्याचे हातपाय लहानपणापासून दुखतात, हे बोलता बोलता निघालं, तेव्हा स्लाइड मध्येच थांबवून दोघांचीही नावं तपासणीच्या यादीत लिहिली.