क्रमाचा परिणाम काढून टाकता येतो का? प्रतिसंतुलन आणि लॅटिन चौरसामागचा वाद

प्रयोगात भाग घेणाऱ्या एकाच माणसाला, म्हणजे प्रयुक्ताला, तुलना करायच्या सगळ्या अवस्थांमधून नेलं की कोणती आधी आणि कोणती नंतर हा क्रमाचा प्रश्न येतोच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाइपझिगमध्ये वजनं उचलण्याचे प्रयोग झाले, तेव्हाच हे लक्षात आलं होतं. दोन वजनांपैकी आधी उचललेलं आणि नंतर उचललेलं यांत फरक जाणवतो, म्हणून तिथे जड वजन कधी आधी तर कधी नंतर दिलं जाई. क्रम असा आलटूनपालटून देणं म्हणजेच प्रतिसंतुलन. पुढे अ-ब-ब-अ हा क्रम रूढ झाला. सराव किंवा थकवा प्रत्येक पायरीला सारखाच वाढत असेल तर हा क्रम चोख काम करतो, कारण पहिली आणि चौथी जागा मिळून दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेइतकीच होते. पण सरावाचा फायदा बहुधा सुरुवातीलाच भराभर मिळतो आणि मग मंदावतो. तसं झालं की सगळ्यात कोऱ्या पहिल्या फेरीचा तोटा एकट्या अ ला सोसावा लागतो.

प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी मांडणी म्हणजे लॅटिन चौरस. तो मानसशास्त्रात आला शेतीतून. 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रात जमिनीचा कस दोन दिशांनी बदलतो ही अडचण सोडवायला तो वापरला गेला. मानसशास्त्रज्ञांनी आडव्या ओळींच्या जागी माणसं आणि उभ्या रकान्यांच्या जागी क्रमांक ठेवले. मात्र शेतातल्या वाफ्याला शेजारच्या वाफ्यात काय पेरलं होतं ते आठवत नाही, माणसाला आधीची अवस्था आठवते. पुढची सगळी गुंतागुंत या एका फरकातून निघाली.

चार अवस्थांचा सर्वात सोपा चौरस म्हणजे एकेक अक्षर सरकवत जाणं: अबकड, बकडअ, कडअब, डअबक. प्रत्येक अवस्था प्रत्येक जागी एकदा येते, त्यामुळे जागेचा हिशेब जुळतो. पण ब च्या लगेच आधी काय आलं ते पाहा. चारांपैकी तीन ओळींत अ आला आहे आणि उरलेल्या ओळीत ब पहिलाच आहे. म्हणजे अ चा काही परिणाम मागे रेंगाळत असेल तर तो सगळा ब च्या खात्यावर जमा होतो. आजही अनेक प्रबंधांत ‘लॅटिन चौरस वापरला’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कोणता ते नसतं. मला हे अपुरं वाटतं, कारण वरचा चौरस वापरला असेल तर क्रमाचा निम्माच प्रश्न सुटलेला असतो.

यावरचा तोडगा 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातून आला: अबडक, बकअड, कडबअ, डअकब. यात प्रत्येक अवस्था दुसऱ्या प्रत्येक अवस्थेच्या लगेच नंतर बरोबर एकदा येते. जोड्या बाराच आहेत, हातानं मोजून पाहता येतात. पहिली ओळ पहिलं, दुसरं, शेवटचं, तिसरं अशी लावायची आणि बाकीच्या ओळी प्रत्येक अक्षर एकेक घर पुढे नेऊन मिळवायच्या. अवस्था तीन, पाच किंवा सात असतील तर मात्र असा एकच चौरस मिळत नाही. तेव्हा दोन चौरस जोडीनं वापरतात, दुसऱ्यात पहिल्याची प्रत्येक ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेली असते. म्हणूनच पाच अवस्थांच्या प्रयोगात प्रयुक्तांची संख्या दहाच्या पटीत घेतात. (अवस्थांच्या जोडीला मजकुराचे संचही संतुलित करायचे तर एकमेकांवर ठेवले की अक्षरांची प्रत्येक जोडी एकदाच येईल असे दोन चौरस लागतात. दहा अवस्थांसाठी असे दोन चौरस अशक्य आहेत हा अठराव्या शतकापासूनचा अंदाज 1959 मध्ये खोटा ठरला. तो खोटा ठरवणाऱ्या तिघांपैकी एक जण नागपुरात शिकलेला होता.)

इथवर प्रगती सरळ दिसते. खरा वाद पेटला तो दोनच अवस्थांच्या, सगळ्यात साध्या रचनेवर: निम्म्यांना अ-ब, निम्म्यांना ब-अ.

समजा पडद्याच्या दोन मांडण्या तपासायच्या आहेत. कोऱ्या प्रयुक्ताला अ वर 30 सेकंद लागतात, ब वर 24. खरा फरक 6 सेकंदांचा. दुसऱ्या फेरीत सरावामुळे सगळ्यांचे 4 सेकंद वाचतात असं धरलं, तर पहिल्या गटाचे आकडे 30 आणि 20, दुसऱ्या गटाचे 24 आणि 26. अ ची सरासरी 28, ब ची 22. फरक 6, हिशेब अचूक.

आता समजा ब वर काम करताना लोकांना एक युक्ती सापडते आणि ती ते अ वरही नेतात, त्यामुळे ब नंतर अ केल्यास 10 सेकंद वाचतात. दुसऱ्या गटाचे आकडे 24 आणि 20 होतात. अ ची सरासरी 25, ब ची 22. फरक निम्मा झाला, आणि प्रतिसंतुलन तर नियमाप्रमाणे पूर्ण पाळलं होतं. प्रतिसंतुलन परिणाम पुसत नाही, दोन्हीकडे वाटून देतं, आणि इथे वाटणी सारखी नव्हती. ब्रिटनमधल्या एका कार्यक्षमता संशोधकानं 1960 आणि 1970च्या दशकांत याच मुद्द्यावर सातत्यानं लिहिलं. त्याची सूचना कडक होती: असं विषम संक्रमण संभवत असेल तिथे प्रत्येक अवस्थेला वेगळा गट घ्या. बऱ्याच जणांना ती अतिरेकी वाटली. वरच्या आकड्यांकडे पाहिलं तर मला ती रास्त वाटते.

बिघाड ओळखायचा कसा? दोन गटांच्या बेरजा पाहा. पहिल्या उदाहरणात 50 आणि 50, दुसऱ्यात 50 आणि 44. याच खुणेवर 1965 मध्ये औषधांच्या चाचण्यांसाठी दोन टप्प्यांची पद्धत सुचवली गेली. आधी बेरजांमधला फरक तपासायचा, तोही 10 टक्के पातळीवर, कारण ही तुलना वेगवेगळ्या माणसांमधली असल्यानं कमकुवत असते. फरक आढळला तर दुसरी फेरी टाकून फक्त पहिल्या फेरीवर निष्कर्ष काढायचा, नाहीतर दोन्ही फेऱ्या वापरायच्या. ही पद्धत पाठ्यपुस्तकांत गेली आणि दोन दशकांहून अधिक काळ वापरली गेली.

तिच्यातला दोष 1989 मध्ये आकड्यांनिशी मांडला गेला. बेरजेत पहिली फेरी असतेच. पहिल्या गटात योगायोगानं संथ माणसं जास्त आली तर बेरजा वेगळ्या दिसतात, पद्धत सांगते की दुसरी फेरी टाका, आणि उरलेल्या पहिल्या फेरीत तोच योगायोग अ आणि ब मधला फरक म्हणून समोर येतो. खोट्या निष्कर्षाची शक्यता 5 टक्के ठेवलेली असताना प्रत्यक्षात ती 7 ते 9.5 टक्क्यांपर्यंत जाते. त्यानंतर संख्याशास्त्रज्ञांनी ही पद्धत सोडून दिली, तरी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत ‘क्रमाचा परिणाम सार्थ आढळला नाही, म्हणून पुढे तो वगळला’ हे वाक्य आजही सर्रास लिहिलं जातं. ती पहिल्या टप्प्याचीच नवी आवृत्ती आहे. चाचणी कमकुवत असल्यामुळे परिणाम आढळला नाही याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही.

अलीकडची संगणकीय प्रारूपं क्रमाचं पद आपोआप घालतात, पण दोन गट आणि दोन फेऱ्या एवढ्यातून गटांमधला फरक आणि आधीच्या अवस्थेचा मागे उरलेला परिणाम कुठलंही प्रारूप वेगळा करू शकत नाही. त्यासाठी तिसरी फेरी लागते: एका गटाला अ-ब-ब, दुसऱ्याला ब-अ-अ. इथे ब नंतर ब आणि अ नंतर ब या दोन्ही स्थिती उपलब्ध असतात, त्यामुळे मागचा परिणाम त्याच माणसांच्या आकड्यांतून मोजता येतो. खर्च दीडपट होतो, आणि तो परिणाम एकाच फेरीपुरता टिकतो हे गृहीत धरावं लागतं. सापडलेली युक्ती माणूस विसरत नसेल तर हे गृहीतकही टिकत नाही, आणि मग वेगळे गट घेण्याला पर्याय राहत नाही.